गजकर्णाची कड



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरी झाली, अर्थसंकल्प झाला, कोकणातली कातळशिल्पं झाली. मी विषय कळवला तेव्हा वाचनालयाचे कार्यवाह फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, पत्रिकेवर जांघेतलं गजकर्ण असं छापायचं?" शेवटी 'पावसाळा आणि त्वचाविकार' असं सभ्य नाव छापलं गेलं. पण मी जांघेतल्या गजकर्णावरच बोलणार आहे. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण केवळ त्यासाठी येतात आणि येण्याआधी किती महिने लाजेनं घालवतात, ते मी रोज पाहतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायचे. एका जुलैत त्यांनी शिळ्या भाकरीचा तुकडा ओला करून काचेच्या झाकणाखाली ठेवला. चार दिवसांनी त्यावर बुरा आला. गुरुजींनी विचारलं, बुरा गोलच का वाढला, चौकोनी का नाही? कुणालाच सांगता येईना. उत्तर सोपं होतं. एका ठिपक्यापासून सुरुवात झाली आणि चहूबाजूंनी सारखं खाणं मिळालं, की गोलच होणार. गजकर्ण गोल असण्याचं अर्धं कारण त्या भाकरीत आहे. उरलेलं अर्धं आपल्या कातडीत आहे, आणि आजचं बोलणं त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

इंग्रजीत या रोगाच्या नावात किडा आहे, पण किड्याचा याच्याशी काही संबंध नाही. ही बुरशी आहे. ती केराटिन खाते. केस, नखं आणि कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर ज्याचा बनलेला असतो ते केराटिन. खालच्या जिवंत थरात ती सहसा उतरत नाही. म्हणजे बुरशी राहते ती आपल्या अंगावरच्या कागदाइतक्या पातळ, मेलेल्या पापुद्र्यात, आणि तिथे बसून धाग्यांनी बाहेर बाहेर सरकते. तिला हवी ऊब, ओल आणि एकमेकांवर घासणारी कातडी. कोकणातल्या पावसाळ्यात जांघ, काख, कंबर आणि स्तनांखालची घडी यांत तिला हे सगळं एकाच जागी मिळतं.

मग भाकरीवरचा बुरा आणि गजकर्ण यांत फरक काय? भाकरीवरचा डाग मधोमध सर्वांत दाट असतो. गजकर्णाचं मधलं कातडं मात्र जवळजवळ स्वच्छ दिसतं. लाल, उंचावलेली, खवले धरलेली असते ती कड. भाकरी प्रतिकार करत नाही, कातडी करते. बुरशीचा सुगावा लागला की शरीर त्या जागी रक्त वाढवतं, बचावाच्या पेशी पाठवतं आणि वरचा थर नेहमीपेक्षा लवकर गळवून टाकतं. जिथे बुरशी आधी पोचली होती तिथे ही गळती सुरू होऊन ती बाहेर ढकलली जाते. कडेवर लढाई चालू राहते. खवले म्हणजे घाईनं टाकलेला थर, लाली म्हणजे वाढलेलं रक्त आणि खाज म्हणजे त्या लढाईची कुरबूर. म्हणजे खाज आणि कड्याचा आकार या दोन्ही गोष्टी मुख्यतः आपल्या शरीराच्या आहेत. एवढं लक्षात ठेवाल तर पुढचं सगळं समजेल.

आता एक माणूस सांगतो. नाव नाही, गाव नाही, ओळखीच्या खुणाही मी बदलल्या आहेत. वय चौतीस, रिक्षा चालवतो. रेक्झिनच्या सीटवर दहा-बारा तास बसणं, जाड जीन्स, कमरेला लहानपणापासूनचा काळा करदोडा. जून ते सप्टेंबर घरातले कपडे स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळतात, म्हणजे खरं तर वाळत नाहीत. डिसेंबरात जांघेत रुपयाएवढा चट्टा आला. त्यानं दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब" मागितली. मिळाली. दोन दिवसांत खाज गेली. त्यानं तिसऱ्या दिवशी ट्यूब कोनाड्यात ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी चट्टा परत आला, आता तळहाताएवढा. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन दिवसांत आराम. असं आठ महिने चाललं. माझ्याकडे आला तेव्हा जांघा, ढुंगण, कंबर आणि पोटापर्यंत पसरलेलं होतं. बरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा ट्यूब होत्या. त्यांतल्या चारांवर मागच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल छापलेलं होतं.

क्लोबेटासॉल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांमधलं सर्वांत जोरकस मानलं जाणारं औषध आहे. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर, थोडे दिवस, मोजून वापरलं तर फार उपयोगी. मी स्वतः ते लिहून देतो. पण ते करतं काय? शरीराची लढाई थांबवतं. लढाई थांबली की कुरबूर थांबते, म्हणून खाज दोन दिवसांत जाते. कड फिकी पडते, खवले कमी होतात. बुरशीच्या दृष्टीनं पहारेकरी घरी गेलेले असतात. ती निवांत पसरते. या ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही मिसळलेलं असतं, जंतूंचंही असतं, पण स्टेरॉइडचा परिणाम आधी जाणवतो आणि माणूस त्यावरच भरवसा ठेवून तिसऱ्या दिवशी थांबतो. बुरशीच्या औषधाला काम करायला आठवडे लागतात. ते त्याला कधी मिळतच नाहीत.

स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाचं रूपच बदलतं. कड पुसट होते, मध्येच पुरळ येतात, आणि नवशिक्या डॉक्टरला ते इसब वाटतं. इसब वाटलं की आणखी स्टेरॉइड. या वेषांतर केलेल्या गजकर्णाचं वर्णन 1968 मध्येच झालं होतं. आपल्याकडे त्याचा एक खास प्रकार रोज दिसतो: कड्यात कडं. माणूस ट्यूब लावतो, थांबतो, लावतो, थांबतो. जेव्हा थांबतो तेव्हा शरीर जागं होतं आणि एक कड उठते. पुन्हा लावतो तेव्हा ती दबते. परत थांबतो तेव्हा आत दुसरी उठते. रिक्षावाल्या गृहस्थाच्या मांडीवर तीन कडी एकात एक होती, पाण्यात खडा टाकल्यासारखी. झाडाच्या वळ्यांवरून वय सांगतात तसं त्या कड्यांवरून किती वेळा ट्यूब लावून सोडली याचा मला अंदाज आला. विचारलं तर तो म्हणाला, "हो, पैसे होते तेव्हा लावली."

आणि मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, खोलगट, आडव्या-तिरप्या रेषा होत्या. बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. जांघेसारख्या घडीत औषध जास्त झिरपतं, कातडी पातळ होते, आतून फाटते. रंग कालांतरानं पांढरट होतो, रेषा जात नाहीत. त्याला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

निदानाबद्दल थोडं. आम्ही बोथट पातं घेतो, चट्ट्याच्या कडेवरून खवले काचपट्टीवर खरवडतो. कडेवरूनच, मधून नाही. का ते आता तुम्हाला माहीत आहे. त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे विरघळत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते फिकट हिरवट काचेच्या दोऱ्यांसारखे दिसतात, फांद्या फुटलेले, मधून मधून आडवे पडदे असलेले. रिक्षावाल्याच्या पट्टीवर असे धागे नुसते खच्चून भरले होते. लढणारं शरीर झोपवल्यावर असंच होतं.

इथे एक सावधगिरी. गोल दिसणारं सगळं गजकर्ण नसतं. खाज नाही, उलट त्या जागी स्पर्श कळत नाही, सुईचं टोक टोचलं तरी जाणवत नाही, असा फिकट किंवा तांबूस चट्टा असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर गजकर्णाची मलमं लावत बसणं फार महागात पडतं. जांघेत अंडकोषावर ओली लालेलाल कातडी आणि भोवती सुटे पुरळ असतील तर वेगळी, यीस्टची बुरशी असण्याची शक्यता असते, आणि मग एकदा साखर तपासावी लागते.

आता उपचार, आणि इथे गोष्ट आणखी अडते. आमच्या विद्यार्थिदशेत गजकर्ण हा विषय अर्ध्या पानात संपायचा. टर्बिनाफिनची गोळी, रोज एक 250 मिलिग्रॅमची, दोन आठवडे, आणि रोगी खूश. गेल्या दहा-बारा वर्षांत हे बिघडलं. रिक्षावाल्याला आधीच्या डॉक्टरांनी हीच गोळी सहा आठवडे दिली होती आणि काहीच फरक पडला नव्हता.

टर्बिनाफिन बुरशीच्या पेशीच्या पडद्याचं बांधकाम थांबवतं. त्या बांधकामातल्या एका विकराला ते जाऊन चिकटतं. आपल्याकडे पसरलेल्या नव्या बुरशीत त्या विकराचा आकार एका ठिकाणी बदललेला असतो. किल्ली तीच, कुलूप वेगळं. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात आपला देश आला आहे, आणि तो मान मला काही सुखावत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या रुग्णांत ही बुरशी सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जाहीर केलं. त्यांतल्या एका रुग्णानं बांगलादेशचा प्रवास केला होता. नवी जात का माजली, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत, पण अर्धवट लावलेली मलमं आणि स्टेरॉइडचं मिश्रण यांचा त्यात वाटा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांचं मत आहे. माझंही आहे.

2018 मध्ये सरकारनं अंगाला लावायची अनेक स्टेरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तेव्हापासून काय झालं? नियम पुस्तकात आहे, ट्यूब काउंटरवर आहे.

रिक्षावाल्याला मी इट्राकोनॅझोल दिलं. 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, जेवणानंतर लगेच. आधी यकृताची तपासणी. हृदयाची तक्रार आहे का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हे विचारून घेतलं. रक्तातली चरबी कमी करण्याच्या काही गोळ्यांबरोबर हे चालत नाही, गरोदरपणात देत नाहीत. म्हणून कुणी हे ऐकून दुकानात जाऊन घेऊ नये. वरून लावायला बुरशीचं साधं मलम, त्यात स्टेरॉइड नाही. मलम चट्ट्यावर आणि त्याच्या बाहेर दोन बोटं रुंद लावायचं, कारण कडेच्या बाहेर बुरशी आधीच पोचलेली असते, दिसत नाही इतकंच.

ट्यूब बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढेल, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं. झोपलेलं शरीर जागं होतं, दुसरं काही नाही. हे सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी परत जुन्या ट्यूबकडे वळतो.

चार आठवड्यांनी तो आला. खाज कमी होती, पण कडी तशीच. पट्टीवर धागे तसेच. मला वाटलं, हे औषधही गेलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला: सकाळी उठल्यापासून काय काय घेतोस ते क्रमानं सांग. त्यानं सांगितलं, सकाळी रिकाम्या पोटी गॅसची गोळी, कारण एका पाहुण्यानं सांगितलं होतं की जोरकस औषध घेताना ती घ्यावीच. इथे घोटाळा होता. कॅप्सूलमधलं इट्राकोनॅझोल विरघळायला पोटात आम्ल लागतं. गॅसची गोळी आम्लच कमी करते. महागडी कॅप्सूल तो दिवसातून दोनदा नियमानं घेत होता आणि त्यातली बरीचशी न शोषता बाहेर जात होती. गॅसची गोळी बंद केली. पुढच्या चार आठवड्यांत कड सपाट झाली, फक्त तपकिरी डाग उरले. एकूण दहा आठवडे औषध चाललं. खाज गेल्यावरही आम्ही दोन आठवडे चालू ठेवलं, आणि पट्टीवर धागे दिसले नाहीत तेव्हाच थांबवलं. कातडीचा थर गळून नवा यायला तेवढा काळ लागतोच. त्याच्यापुढे आपली घाई चालत नाही.

पण त्याच्या एकट्यानं भागलं नसतं. पहिल्याच भेटीत मी विचारलं, घरी कुणाला आहे? "नाही." पुढच्या वेळी बायकोला घेऊन ये म्हटलं. त्या बाई आल्या, बसल्या, आणि नर्सला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, मलाही आहे. परकराची नाडी जिथे आवळून बसते, तिथे कमरेभोवती पट्ट्यासारखं पसरलेलं होतं. धाकट्या मुलीच्या दंडावर एक कडं. बाईंनी तीन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांचा समज होता की हे 'वाईट' आजारातून येतं. नवऱ्याला मी बरा करून पाठवलं असतं आणि त्याला ते दोन महिन्यांत घरातूनच परत मिळालं असतं. तिघांवर एकाच दिवशी उपचार सुरू केले, तेव्हा कुठे चक्र थांबलं.

करदोड्याबद्दलही बोललो. दोरा दिवसभर घाम पितो आणि रात्रभर ओला राहतो, त्यात खवले अडकतात. श्रद्धेचा प्रश्न असेल तर मी वाद घालत नाही. बरं होईपर्यंत काढ आणि मग नवा बांध, एवढं सांगतो. जीन्सऐवजी सैल सुती पँट. चड्डी आणि बनियन रोज बदलणं, घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे कडक गरम पाण्यात धुणं, उलटे करून उन्हात वाळवणं. पावसात ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पायांच्या बोटांत किंवा नखांत बुरशी असेल तर आधी मोजे घालायचे, मग चड्डी, नाहीतर चड्डी पायातून वर चढताना बुरशी घेऊन जांघेत पोचते. ही युक्ती ऐकून सगळे हसतात, पण ती उपयोगी आहे.

आता थोडं विषयांतर, कारण आपण गोव्याच्या शेजारी बसलो आहोत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आणि गोव्याच्या बाजारात गजकर्णावर एक पिवळी-तपकिरी भुकटी मिळायची. विलायतेत तिला 'गोवा पावडर' म्हणत. भुकटी मात्र गोव्यातली नव्हती. ब्राझीलच्या एका झाडाच्या खोडातून निघणारी ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली होती, हे पुढे बाहियातल्या एका डॉक्टरनं दाखवून दिलं. ती लिंबाच्या रसात वगैरे कालवून लावत. कपड्यांना डाग पडत, कातडी भाजे, पण गजकर्ण जाई. मग 1870च्या दशकात लंडनमधल्या बाल्मॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञाच्या एका रुग्णानं आपल्या अंगावरचे चट्टे गजकर्ण समजून ही भुकटी लावली. होता सोरायसिस, आणि तो बरा होऊ लागला. त्या भुकटीच्या रसायनावरून पुढे बनलेलं डायथ्रॅनॉल सोरायसिसवर आजही वापरलं जातं. म्हणजे चुकीच्या निदानातून एक औषध सापडलं. आज त्याच्या नेमकं उलट चालू आहे: गजकर्णाला इसब समजून, नाहीतर काहीच न समजता, स्टेरॉइड. त्यातून कुणालाही काही सापडत नाही. टाकळ्याचा पाला लावणारी आमची आजी निदान कड झाकत तरी नव्हती.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचा आहे म्हणून एक विनंती करून थांबतो. घरी गेल्यावर फडताळातली, आरशामागची, बाथरूमच्या खिडकीतली प्रत्येक मलमाची ट्यूब बाहेर काढा. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती गोल, खाजणाऱ्या चट्ट्याला लावू नका, शेजाऱ्याला देऊ नका. जर घरात कुणी ती महिनोन्‌महिने लावत असेल तर सगळ्या ट्यूब एका पिशवीत घाला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. रिकाम्याही न्या, फेकू नका. काय लावलं होतं हे रुग्णाला आठवत नसतं. आम्हाला ते त्या पिशवीवरूनच कळतं.